तो वेळेवर आला

मन्याच्या वाढदिवसाला त्याची खेचायचं काम माझ्याकडे होतं. चार मिनिटं, नऊ विनोद, त्यातले सहा त्याच्या उशिरा येण्यावर. आणि हा बाबा चाळीस वर्षांत पहिल्यांदा वेळेवर आला. दहा मिनिटं आधी!

आठवडाभर घासून लिहिलं होतं हो. ‘मन्या नेहमी उशिरा येतो’ हा विनोद नाही, तक्रार आहे. त्यावर लोक फक्त माना डोलावतात. मग लिहिलं, ‘बादली भरत असते तेव्हा मन्या फोनवर निघालोय म्हणतो.’ बायको हसली नाही. मग फिरवलं, ‘मन्या निघालोय म्हणाला की फोनमध्ये मागून आवाज येतो... बादली भरल्याचा.’ आता हसली. हशाचा शब्द टोकाला हवा. तो आधीच फुटला की लोक हसायचं सोडून उरलेलं वाक्य ऐकत बसतात.

टकलावरचे दोन मी स्वतःच कापले. हल्ली तो प्रत्येक फोटोत टोपी घालतो, म्हणजे ते दुखतंय. उशिरा येण्याचे किस्से मात्र तो स्वतःच रंगवून सांगतो, त्यामुळे तिथे खुशाल हात घालावा. एवढा विचार मी नोकरीच्या मुलाखतीआधीही केला नव्हता.

उभा राहिलो. पहिला विनोद टाकला. पहिल्या रांगेतून त्याचे काका म्हणाले, “पण तो तर वेळेवर आलाय.”

“हो काका, आज आलाय. एरवी...”

“आम्ही आलो तेव्हा दारात तोच उभा होता.”

“काका, ही गंमत आहे.”

“कसली?”

“उशिरा येण्याची.”

“पण तो आलाय ना!”

लोक हसले. काकांना. मी बादलीवर आलो. काका शेजारच्या काकूंना मोठ्यांदा म्हणाले, “आंघोळ करून येतो म्हणतोय. चांगलंच आहे की.” पुन्हा हशा, पुन्हा काकांना. नऊ विनोदांपैकी एकही माझ्या नावावर लागला नाही. आणि सगळ्यात जोरात कोण हसत होतं? मन्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

शेवटच्या ओळीत सूर बदलायचा, हेही ठरलं होतं. मी अॅडमिट होतो तेव्हा भेटायच्या वेळेआधी पोचणारा एकटा हाच होता. ते वाचलं आणि मन्या गप्प झाला. टाळीची जागा होती. तेवढ्यात काका म्हणाले, “बघा! मी तेच म्हणतोय मघापासून.”

त्या टाळ्याही काकांना.

परवा मन्याला विचारलं, त्या दिवशी वेळेवर का मेलास? म्हणे, “तू बोलणार होतास. म्हटलं, सुरुवात चुकायला नको.” आता यावर माणसाने चिडायचं तरी कसं? तरी मी चिडलोय. भेटून भांडू म्हणालो, तर म्हणाला, “निघालोय, पोचतोच.”

मागे नळ सुरू होता.