ऑगस्ट 2026 आणि 823 वर्षं: सातने भागून बघा

"ऑगस्ट 2026 मध्ये 5 शनिवार, 5 रविवार आणि 5 सोमवार आहेत. असा योग 823 वर्षांतून एकदाच येतो. चिनी लोक याला पैशाची थैली म्हणतात. आपल्या आयुष्यात हा महिना पुन्हा दिसणार नाही. पाच जणांना पाठवा, चार दिवसांत पैसे येतील."

घरच्या ग्रुपवर मामींनी हे पाठवलं. पाचवीच्या शिष्यवृत्तीची तयारी करणाऱ्या भाचीने त्याखाली "खरंच का?" असं विचारलं, तर मोठ्यांपैकी कुणीही तिला वही काढायला सांगितलं नाही. तिच्या अभ्यासात दिनदर्शिकेवरची गणितं आहेत. एवढ्या भांडवलावर हा सगळा दावा दहा मिनिटांत तपासता येतो, म्हणून हे तिच्यासाठी आणि तिला उत्तर न देणाऱ्यांसाठी.

पहिलं वाक्य बरोबर आहे, ते मान्य करायलाच हवं. 1 ऑगस्ट 2026 ला शनिवार आहे आणि त्या महिन्यात शनिवार, रविवार, सोमवार पाच-पाच वेळा येतात. पण त्यात नवल काहीच नाही. 31 ला 7 ने भागा: भागाकार 4, बाकी 3. म्हणजे प्रत्येक वार चार वेळा येतो आणि महिन्याचे पहिले तीन वार पाचव्यांदा येतात. 31 दिवसांच्या प्रत्येक महिन्यात हे होतं, आणि असे महिने वर्षात सात असतात. 2026 चंच बघा. जानेवारीत गुरुवार-शुक्रवार-शनिवार, मार्चमध्ये रविवार-सोमवार-मंगळवार, मे महिन्यात शुक्रवार-शनिवार-रविवार. ऑगस्टचं त्रिकूट हवं असेल तर ते मार्च 2025 मध्ये येऊन गेलं. पुढे ते मे 2027 मध्ये येईल आणि जानेवारी 2028 मध्ये पुन्हा.

याच निरोपाची फेब्रुवारीची आवृत्तीही फिरते: "या फेब्रुवारीत प्रत्येक वार बरोबर चार वेळा, 823 वर्षांनी एकदा." 28 ला 7 ने भागल्यावर बाकी शून्य उरते. त्यामुळे लीप वर्ष नसलेल्या प्रत्येक फेब्रुवारीत हेच होतं, चार वर्षांतून तीनदा. ही आवृत्ती पुढे पाठवणाऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडेही पाहिलेलं नसतं.

आता 823. लोकांना पटतो तो हाच आकडा, कारण तो गोल नाही आणि कुणीतरी मोजून काढल्यासारखा वाटतो. तो नीट तपासू.

वारांची बेरीज घड्याळासारखी चालते. दहा वाजल्यानंतर पाच तासांनी पंधरा न वाजता तीन वाजतात, कारण बारा झाले की काटा पुन्हा पहिल्यापासून फिरतो. वारांचं चक्र सातचं आहे. म्हणून कितीही दिवस मिळवायचे असले तरी त्यांतले पुरे आठवडे टाकून द्यायचे आणि उरलेली बाकी तेवढी वारात मिळवायची. शनिवारनंतर 100 दिवसांनी कोणता वार? 7 × 14 = 98, बाकी 2, म्हणजे सोमवार.

साधं वर्ष 365 दिवसांचं असतं. 7 × 52 = 364, बाकी 1. म्हणून तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे जाते. मध्ये 29 फेब्रुवारी आला तर 366 दिवस होतात, बाकी 2, आणि वार दोनने सरकतो. एवढ्या दोन गोष्टींवर 1 ऑगस्टची रांग मांडता येते. 2026 ला शनिवार, 2027 ला रविवार. 2028 मध्ये 29 फेब्रुवारी येतो, म्हणून सोमवार ओलांडून मंगळवार. 2029 ला बुधवार, 2030 ला गुरुवार, 2031 ला शुक्रवार. 2032 मध्ये शनिवार यायचा, पण ते लीप वर्ष असल्यामुळे उडी रविवारवर जाते. मग सोमवार, मंगळवार, बुधवार, 2036 ला दोनची उडी घेऊन शुक्रवार, आणि 2037 ला शनिवार. अकरा वर्षांत तोच ऑगस्ट परत आला. त्यानंतर तो 2043 मध्ये येतो आणि मग 2048 मध्ये. मागे गेलात तर 2020 चा ऑगस्टही असाच होता, म्हणजे निरोप वाचणाऱ्या बहुतेकांनी तो पाहिलेला आहे. "आयुष्यात पुन्हा दिसणार नाही" या वाक्याचा निकाल इथेच लागतो.

या दाव्याचं सर्वांत वाईट अंग मात्र वेगळं आहे: 2026 पासून मोजलं तर त्याचा स्वतःचा आकडाही जुळत नाही. 2026 मध्ये 823 मिळवले की 2849 येतं. 1 ऑगस्ट 2849 चा वार काढू. 823 वर्षांचे प्रत्येकी एक, असे 823 वार सरकले. आता मधले 29 फेब्रुवारी. 2028 पासून 2848 पर्यंत दर चार वर्षांनी एक धरला तर 206 होतात. पण शतकवर्षाला 400 ने भाग जात नसेल तर ते लीप नसतं. म्हणून 2100, 2200, 2300, 2500, 2600 आणि 2700 ही सहा वजा करायची. 2400 आणि 2800 राहतात. उरले 200. एकूण 823 + 200 = 1023. 7 × 146 = 1022, बाकी 1. शनिवारच्या पुढचा वार रविवार. म्हणजे 2849 च्या ऑगस्टमध्ये पाच रविवार, पाच सोमवार आणि पाच मंगळवार असतील. शनिवार चारच. ज्या वर्षाची वाट बघायला सांगितलं, त्या वर्षी तो महिना येतच नाही.

हाताच्या गणितावर विश्वास नसेल तर एक्सेल किंवा गुगल शीटच्या कोणत्याही चौकटीत हे लिहा:

```
=TEXT(DATE(2849,8,1),"dddd")
```

रविवार येईल. 2849 च्या जागी 2037 टाकलं तर शनिवार.

823 हा आकडा ठामपणे खोडून काढणारी एक गोष्ट आहे: आपण वापरतो त्या कॅलेंडरचा नियम. पोप तेरावे ग्रेगरी यांनी 1582 मध्ये तो लागू केला. त्या नियमाने 400 वर्षांत 97 लीप वर्षं येतात. 400 × 365 = 1,46,000, त्यात 97 मिळवले की 1,46,097 दिवस. याला 7 ने भागा: 20,871 आठवडे, बाकी शून्य. म्हणजे दर 400 वर्षांनी अख्खं कॅलेंडर, सगळ्या वारांसकट, जसंच्या तसं पुन्हा सुरू होतं. या कॅलेंडरमध्ये जी तारीख-वाराची जोडी एकदा आली ती जास्तीत जास्त 400 वर्षांत परत येतेच. 823 वर्षांतून एकदाच येणारा वार यात असूच शकत नाही, ऑगस्टमध्ये नाही आणि इतर कुठल्याही महिन्यात नाही.

याच गुणाने वरचं लांब गणितही आखूड होतं. 823 म्हणजे 400 + 400 + 23. पहिल्या 800 वर्षांनी वार सरकत नाही, म्हणून फक्त 23 वर्षं मोजायची. 2028 ते 2048 मधले 29 फेब्रुवारी सहा. 23 + 6 = 29, बाकी 1. उत्तर तेच, रविवार.

मागे 823 वर्षं गेलं तर 1203 येतं, आणि तेव्हा हे कॅलेंडरच नव्हतं. त्या काळच्या ज्युलियन कॅलेंडरने 1 ऑगस्ट 1203 ला शुक्रवार होता. आजचा नियम ओढून मागे नेला तरी शुक्रवारच येतो. इथे हिशोबाची एक मर्यादाही लक्षात ठेवावी. 1582 मध्ये 4 ऑक्टोबर, गुरुवारनंतर थेट 15 ऑक्टोबर, शुक्रवार आला. वारांची साखळी तुटली नाही, तारखा मात्र दहाने गाळल्या. पोर्तुगालने हा बदल लगेच घेतला, ब्रिटिशांनी 1752 मध्ये. त्यामुळे त्याआधीच्या इंग्रजी कागदांवरच्या तारखांना वरचा हिशोब जसाच्या तसा लावला तर वार चुकतो.

चिनी थैलीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पारंपरिक चिनी पंचांगात महिने 29 किंवा 30 दिवसांचे असतात. 31 दिवसांचा महिनाच नाही, तर त्यावर आधारलेली जुनी समजूत कुठून येणार? पैशांचं वाक्य निरोप पुढे सरकावा म्हणून जोडलेलं आहे. ते मामींना एकदा स्पष्ट सांगायला हवं आणि नंतर निरोप पुसायला हवा.

भाचीने हे स्वतः करून बघताना दोन ठिकाणी चूक होते, तेवढं सांगतो.

पहिली चूक, आजचा दिवस मोजणं. आपण सोमवारी "आठ दिवसांनी या" म्हणतो तेव्हा पुढचा सोमवारच म्हणायचा असतो, कारण त्यात आजचा दिवस धरलेला असतो. बेरजेत तसं चालत नाही. बाकी 3 असेल तर शनिवार सोडून रविवार एक, सोमवार दोन, मंगळवार तीन. शनिवारलाच एक म्हटलं तर उत्तर सोमवार येतं, एक वार मागे. उत्तर सतत एकानेच मागे पडत असेल तर कारण बहुधा हेच असतं. ताळा सोपा आहे: 7 दिवस मिळवून बघायचे. तोच वार परत आला नाही तर मोजणी चुकते आहे.

दुसरी चूक लीप वर्षाची. वर्ष लीप आहे का, एवढं विचारून भागत नाही. दोन तारखांच्या मध्ये 29 फेब्रुवारी येतो का, हे बघायचं. 1 ऑगस्ट 2027 ते 1 ऑगस्ट 2028 मध्ये तो येतो, म्हणून दोनची उडी. 1 जानेवारी 2027 ते 1 जानेवारी 2028 मध्ये येत नाही, तिथे एकच. जानेवारीच्या तारखेची उडी पुढच्या वर्षी लागते: 1 जानेवारी 2028 शनिवार, 1 जानेवारी 2029 सोमवार.

सरावाला माहितीतली तारीख घ्यावी. 15 ऑगस्ट 1947 ला शुक्रवार होता. तिथून 15 ऑगस्ट 2026 पर्यंत 79 वर्षं. मधले 29 फेब्रुवारी 1948 पासून 2024 पर्यंत 20, आणि 2000 ला 400 ने भाग जातो म्हणून तेही त्यात धरलेलं आहे. 79 + 20 = 99. 7 × 14 = 98, बाकी 1, म्हणजे शनिवार. त्याच्या बरोबर 14 दिवस आधी 1 ऑगस्ट येतो. 14 ला सातने भागून बाकी शून्य, म्हणून तोही शनिवार.