बाहुल्यांच्या स्क्रिप्टमधलं 'एकसाथ बोला मुलांनो' बंद करा राव

गणपती जवळ आले की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर मेसेज सुरू होतात, छोट्यांसाठी पपेट शो करायचाय, स्क्रिप्ट आहे का कोणाकडे? मग जे फिरतं ते सगळं एकाच साच्याचं. एक ससा, एक माकड, कचरा डब्यात टाका आणि मध्ये मध्ये "एकसाथ बोला मुलांनो, स्वच्छ पुणे सुंदर पुणे!" पोरं दोनदा बोलतात, तिसऱ्यांदा फक्त आयाच बोलतात 😄

माझं स्पष्ट मत आहे, तीन ते पाच वर्षांच्या पोरांसाठी पालुपद म्हणजे घोषणा नको, ते उत्तर पाहिजे. बाहुलीला काहीतरी माहीत नाही, पोरांना ते समोर दिसतंय, आणि ते सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नाही. मग शिकवावं लागत नाही, आपोआप ओरडतात.

माझी एक स्क्रिप्ट सांगते, हवी तर वापरा. दोनच बाहुल्या, हातमोज्याच्या, म्हणजे एक माणूस दोन हातांनी करू शकतो. भोपू अस्वल, आवाज जाड आणि संथ. टिचकी उंदीर, आवाज बारीक, बोलणं भरभर. भोपूच्या डोक्यावर लाल टोपी.

भोपू: टिचके, माझी टोपी कुठेय गं?
टिचकी: मला काय विचारतोस, यांना विचार!
मुलं: डोक्यावर!
भोपू: (टिचकीचं डोकं बघतो) हिच्या डोक्यावर? इथे तर नुसते कान आहेत!
टिचकी: अरे डोक्यावर रे डोक्यावर!

हे "डोक्यावर रे डोक्यावर" टिचकी एकदाच म्हणते, पुढच्या वेळी पोरं त्याच चालीत म्हणतात. दुसऱ्यांदा भोपू पुढच्या रांगेतल्या एखाद्या बाबांच्या डोक्याकडे बघतो, "या काकांच्या? तिथे तर केसपण नाहीत!" (काका आधी विचारून ठेवा, सगळ्यांना झेपत नाही.)

आता खरी गंमत. टोपी मागच्या बाजूला बोटभर दोऱ्याने शिवलेली असते. तिसऱ्यांदा भोपू खाली वाकून शोधतो, टोपी घसरते आणि पाठीवर लटकते. तो सरळ होतो आणि पुन्हा विचारतो, माझी टोपी कुठेय? निम्मी पोरं सवयीने "डोक्यावर रे डोक्यावर", तो डोकं चाचपतो, "नाहीये! फसवता होय मला?" आणि हे ऐकून पोरं अक्षरशः लोळतात, कारण आता भोपू बरोबर आणि पोरं चूक. मग कोणीतरी एक ओरडतं, "पाठीवर!" इथे भोपूने पोरांकडे पाठ करून उभं राहायचं, म्हणजे सगळ्यांना दिसतं, आणि नवं पालुपद तयार, पाठीवर रे पाठीवर. तीनदा तेच आणि चौथ्यांदा बदल, एवढंच गणित आहे. पाचव्यांदा तेच केलंत तर पोरं उठून पडद्यामागे बघायला येतात, ती खूण समजा.

शाब्दिक कोट्या मात्र काढून टाका, या वयात कळत नाहीत, मोठे हसतात आणि पोरं त्यांच्या तोंडाकडे बघत बसतात. केळं कानाला लावून "हॅलो" म्हटलं की पुरे.

करताना बऱ्याचदा दोन ठिकाणी घोळ होतो. एक म्हणजे दोन्ही हात एकदम हलतात, मग बोलतंय कोण तेच पोरांना कळत नाही. बोलणारी हलेल, ऐकणारी तिच्याकडे बघत गप्प राहील. दुसरं म्हणजे प्रश्न विचारून लगेच पुढचं वाक्य. लहान पोराला उत्तर सुचायला, तोंडापर्यंत यायला वेळ लागतो. मनात सावकाश तीन म्हणा, भोपूला इकडे तिकडे बघू द्या, उत्तर येतंच. आणि आईबाबांनी मागून "बोल ना बाळा" करू नका प्लीज, त्याने ते बोलणारं पोरपण गप्प होतं.

आरडाओरडा फार चढला तर त्यासाठीपण सोय हवी. टिचकी कुजबुजत म्हणते, "शूऽऽ, टोपी ऐकतेय!" हेही पोरं म्हणतात, पण कुजबुजतच, त्यामुळे माईकवर ओरडावं लागत नाही. हे सुरुवातीलाच एकदा पेरून ठेवा, गोंधळ झाल्यावर नवीन काढलंत तर कोणी ऐकत नाही. सगळं मिळून दहा मिनिटं, त्याच्यावर नको.

सात-आठ वर्षांची पोरं मात्र पहिल्याच प्रश्नाला "येडा आहे का हा, डोक्यावरच तर आहे" म्हणून सगळं फोडतात. त्यांना आधीच उचलून पडद्यामागे घ्या, एकाच्या हातात केळं द्या, दुसऱ्याला टोपी परत डोक्यावर बसवायचं काम द्या. दोऱ्याचा गुंता झाला तर तेच सोडवतात, तुमचे दोन्ही हात तर अडकलेले असतात.