१०१ व्या युनिटाची भीती

"१०० च्या पुढे एक युनिट जरी गेले तरी सगळ्या युनिटना वरचा दर लागतो, म्हणून महिनाअखेरीस मेन स्विच बंद ठेवा. वापर शून्य असला तरी स्थिर आकार लावतात, ही लूट आहे. प्लगमध्ये राहिलेला चार्जर बिल दुप्पट करतो."

हा संदेश वाचून माझ्या मावशीने दोन रात्री फ्रिजसकट घर बंद ठेवले आणि सकाळी नासलेले दूध ओतून दिले, म्हणून हे लिहावे लागत आहे.

टप्प्यांचा दर नेहमीच्या पद्धतीत कसा लागतो, हे बिलावरूनच कळते. मागील रीडिंग ४३२० आणि चालू रीडिंग ४४२१ असेल, तर वापर १०१ युनिट झाला. त्यातल्या पहिल्या १०० युनिटना खालचाच दर लागतो आणि वरचा दर फक्त उरलेल्या एका युनिटाला. वरचा दर खालच्याच्या दुप्पट धरला, तरी ऊर्जा आकार १०० भागांवरून १०२ भागांवर जातो. त्यासाठी घर अंधारात ठेवण्याचे कारण नाही. संदेशात तथ्याचा एक अंश आहे, तो नाइलाजाने मान्य करतो: काही ठिकाणी सवलत किंवा अनुदान एकूण वापराच्या मर्यादेशी बांधलेले असते आणि मर्यादा ओलांडली की ते पूर्ण जाते. पण ती वजावट बिलात स्वतंत्र ओळीवर दिसते. शंका असेल त्याने बिलासोबतचा दरतक्ता घेऊन प्रत्येक टप्प्याचा गुणाकार करावा, पाच मिनिटांत वाद मिटतो.

खरी चूक बहुधा दुसरीकडेच असते. रीडिंग ३० ऐवजी ३५ दिवसांनी घेतले असेल, तर टप्प्याची हद्दही त्या प्रमाणात १०० वरून सुमारे ११७ झाली आहे का, ते पाहावे. रीडिंगच्या जागी 'सरासरी' लिहिले असेल, तर मीटरवरचा आकडा स्वतः टिपून ठेवावा, कारण पुढे खरे रीडिंग आले की साठलेले युनिट एकाच महिन्यात पडून वरच्या टप्प्यात जातात. तसे झाल्यास ते युनिट त्या त्या महिन्यांत विभागून मागावेत.

स्थिर आकार जोडणी व मंजूर भारापोटी असतो. तो जास्त वाटणे समजू शकतो, पण मेन स्विच बंद केल्याने तो कमी होत नाही.

राहिला चार्जर. रिकामा चार्जर ०.३ वॅट घेतो असे धरले, तर महिन्याला पाव युनिटही होत नाही. सेट टॉप बॉक्स मात्र १० वॅट घेत दिवसरात्र चालू राहिला, तर महिन्याला सुमारे ७ युनिट खातो, तेव्हा तो भिंतीवरच्या बटणानेच बंद करावा. त्याहून मोठा भार गीझरचा: २००० वॅटचा गीझर रोज अर्धा तास तापला की महिन्याला ३० युनिट. त्याचा थर्मोस्टॅट उतरवला आणि आंघोळीच्या आधी थोडाच वेळ तो लावला, तर जे वाचेल ते चार्जर आयुष्यभर काढून ठेवून वाचणार नाही. मावशीचा फ्रिज आता चालू आहे, गीझरचे बटण मात्र तिने स्वतःच्या ताब्यात घेतले आहे.