हायपोमेनिया म्हणजे नुसता उत्साह?

‘मेनिया काय नि हायपोमेनिया काय, डॉक्टरांचे शब्दांचे खेळ. हायपोमेनिया म्हणजे नुसता उत्साह, टाइप टू म्हणजे सौम्य बायपोलर. उदास वाटलं की डिप्रेशनची गोळी घ्यावी, बरं वाटलं की थांबवावी.’

हा फॉरवर्ड फिरत फिरत इंदूरच्या एका काकूंपर्यंत पोहोचला. त्यांच्या मुलाचं बायपोलरचं, म्हणजे मूड कधी फार चढण्याच्या तर कधी फार खचण्याच्या आजाराचं, औषध चालू आहे. ‘मग बंद करू का?’ असं त्यांनी विचारलं. नाही काकू, अजिबात नाही.

शब्दांचा खेळ म्हणे! समजा, कापड मार्केटातला २६ वर्षांचा मुलगा. पाच दिवस तीन-तीन तासच झोपतो, तरी सकाळी ताजातवाना. तोंड बंद होत नाही, एक बेत संपायच्या आत दुसरा सुरू, रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत सगळ्यांचं बिल हाच भरतो. घरचे म्हणतात, हा असा नव्हता. पण दुकान वेळेवर उघडतं, हिशेब जुळतो. हा हायपोमेनिया, त्यासाठी किमान ४ दिवस लागतात. हेच आठवडाभर चाललं, उधारीवर भलताच माल भरला, गिऱ्हाइकांशी हातघाई झाली, तर तो मेनिया. आणि तिसऱ्याच दिवशी ‘देवानं मला निवडलंय’ यावर तो अडून बसला किंवा भरती करावं लागलं, तर ७ दिवस मोजायचे नसतात.

एवढं मात्र मान्य, की ४ आणि ७ हे आकडे माणसांनी ठरवलेत आणि औषधंही काही अंशी तीच असतात.

‘सौम्य’? टाइप टू म्हणजे हायपोमेनिया आणि त्याच्या जोडीला तीव्र नैराश्य. लुईस जड या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचा सरासरी १३ वर्षांहून जास्त काळ पाठपुरावा केला. २००३ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात जवळपास निम्मे आठवडे नैराश्याचे निघाले, हायपोमेनियाचे जेमतेम १.३ टक्के. वरची पायरी बुटकी आहे, खालचा खड्डा नाही.

आता सगळ्यांत घातक सल्ला. हा मुलगा डॉक्टरांकडे जातो तो उदास असताना. ते पाच दिवस त्याला आजार वाटलेच नव्हते, मग सांगणार कशाला? निदान होतं साधं डिप्रेशन. पूर्वी मेनिया होऊन गेला असेल, तर नुसती डिप्रेशनची गोळी त्याला पुन्हा मेनियात ढकलू शकते. म्हणून आधी लिथियमसारखं मूड सावरणारं औषध लागतं. टाइप टूच्या नैराश्यात बहुधा क्वेटियापिनचा विचार आधी होतो, लॅमोट्रिजिनही वापरतात. पण लॅमोट्रिजिन चढलेला मेनिया उतरवत नाही. निदानच चुकू नये म्हणून डॉक्टरांकडे जाताना सोबत आई किंवा बायको हवी. ‘झोप कमी झाली तेव्हा थकवा होता का?’ याचं खरं उत्तर तीच देते.

‘बरं वाटलं की थांबवावी’बद्दल एकच. लॅमोट्रिजिन काही दिवस सुटलं, तर जुन्या डोसवर परत उडी मारायची नाही. अंगावर गंभीर पुरळ येऊ शकतं. डॉक्टरांना विचारून बहुधा २५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढावं लागतं.