लख्ख आठवतं, पण तसंच घडलं होतं का?

> "११ सप्टेंबरची बातमी कळली तेव्हा मी कुठे होतो, कुणी सांगितलं, सगळं लख्ख आठवतं. तुमचे प्रयोग म्हणजे शब्दांच्या याद्या पाठ करायला लावणं. एवढ्या धक्क्याची आठवण अशी बदलत नसते. तुम्ही सरसकट सगळ्यांना खोटं ठरवताय."

मोठ्या धक्क्याच्या लख्ख आठवणीही काळानुसार बदलतात, असं मी लिहिलं होतं; त्यावर एका वाचकाची ही प्रतिक्रिया. खोटं कुणीच बोलत नाही, आणि म्हणूनच हा विषय मला इतका महत्त्वाचा वाटतो. शब्दांच्या याद्यांबद्दलचा आक्षेप योग्य आहे, पण माझा आधार तो नाही.

२८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अमेरिकी अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं. दुसऱ्याच दिवशी सकाळी अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मानसशास्त्राचे संशोधक उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठे कळली, कुणाकडून, तेव्हा काय चाललं होतं. सुमारे अडीच वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. जुन्या उत्तरांशी ताडून ७ पैकी गुण दिले, तर ११ जणांना शून्य मिळालं. आणि आपल्या उत्तरांची खात्री किती, यावर सरासरी ५ पैकी ४ च्या वर!

त्यातल्या एका विद्यार्थिनीचं उदाहरण बघा. दुसऱ्या दिवशी तिने लिहिलं होतं की ती धर्म या विषयाच्या वर्गात होती, काहीजण आत येऊन त्याबद्दल बोलू लागले, आणि वर्ग सुटल्यावर खोलीवर जाऊन तिने टीव्ही पाहिला. अडीच वर्षांनी मात्र ती सांगते की ती वसतिगृहात रूममेटबरोबर टीव्ही बघत होती आणि अचानक बातमी झळकली. टीव्ही तिने पाहिला होता, हे खरंच. पण नंतरचा तो प्रसंग पहिल्या क्षणाच्या जागी येऊन बसला आणि वर्ग गळून गेला. असं होणं स्वाभाविक आहे, कारण स्फोटाची दृश्यं मनात घर करून राहतात; वर्गातल्या कुजबुजीला दृश्य कुठलं? नायसर-हार्श यांनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच अक्षरातले जुने कागद दाखवले, तरी मूळ आठवण परत आली नाही.

दुसऱ्या दिवशीचा कागदही चुकीचा असू शकतो, हे मान्य. पण दोन्ही हकिकती एकदम खऱ्या असू शकत नाहीत.

तुमच्या ११ सप्टेंबरबद्दल सांगायचं तर १२ सप्टेंबर २००१ रोजी ड्यूक विद्यापीठात जेनिफर टॅलारिको आणि डेव्हिड रुबिन यांनी ५४ विद्यार्थ्यांकडून हल्ल्याच्या बातमीची आणि त्याच सुमाराच्या एका साध्या प्रसंगाची, अशा दोन्ही आठवणी नोंदवून घेतल्या. पुढच्या महिन्यांत दोन्हींमधला तपशील सारख्याच वेगाने बदलत गेला. साध्या प्रसंगाबद्दलची खात्री ओसरली. हल्ल्याच्या आठवणीबद्दलची मात्र टिकून राहिली. म्हणजे धक्क्यामुळे टिकते ती खात्री, तपशील नव्हे.

हल्ला झाला हे तुम्हाला अचूक आठवतं, त्यावर वाद नाही. पण "कुणी सांगितलं" हे तपासायचं असेल, तर त्याच आठवड्यात लिहिलेली डायरी किंवा ईमेल शोधा. तेव्हा सोबत असलेल्या माणसाला विचारून भागणार नाही, कारण इतक्या वर्षांत तुम्ही दोघांनी ती हकिकत एकमेकांना सांगितलेली असणार.