एफ सारखाच आला म्हणून उत्तर सारखं होत नाही

प्रतिक्रिया: "सर, एवढा पाल्हाळ कशाला? वन-वे अनोव्हात गावं फिक्स्ड धरा नाहीतर रँडम, एफ तोच येतो आणि पी पण तोच. फरक नुसता नावाचा. तुमच्या तक्त्यात दशांशसुद्धा एकसारखे नाहीत. सॉफ्टवेअर असताना हातानं कोण करतंय? आम्हाला रानात काम करायचं असतं, तुमचं काय, पुस्तकात."

उत्तर:

नमस्कार. पाल्हाळ म्हणालात, ते ऐकून घेतो. पण 'तुमचं काय, पुस्तकात' हे मी ऐकून घेणार नाही. माझा जन्म औसा तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरातला. संख्याशास्त्र शिकवायला लागलो तरी खरिपाच्या काढणीला रानात असायचो, पोती मोजायचो. ज्याची माहिती नाही त्याच्या पायाला माती लागली की नाही हे ठरवून मोकळं होणं ही कुठली रीत? दशांशांचं म्हणणं मात्र रास्त आहे, तक्ता नीट करतो.

आता तुमच्या एका वाक्याकडे येतो. फिक्स्ड म्हणजे बोलायचं ते फक्त निवडलेल्या गावांबद्दल; रँडम म्हणजे ही गावं सगळ्या गावांतून चिठ्ठीनं आलेली, आणि बोलायचं ते सगळ्यांबद्दल. एफ सारखाच येतो, हे खरं आहे, आणि मूळ लेखात मी ते लिहिलंही होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसावं. गावागावांत फरकच नाही असं गृहीत धरलं की दोन्ही मॉडेलं एक होतात, म्हणून चाचणीही एकच होते. पण फरक आहे असं एकदा ठरलं की दोघांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि रानातलं काम तिथूनच पुढं सुरू होतं.

लेखातलंच उदाहरण घ्या. आकडे हिशोब सोपा जावा म्हणून बांधलेले आहेत. तालुक्यातली सहा गावं चिठ्ठ्या टाकून निवडली, प्रत्येक गावात पाच शेतं. सोयाबीनचा सरासरी उतारा एकरी 8 क्विंटल. गावांमधला मीन स्क्वेअर 19, गावातल्या शेतांमधला 4. एफ आला 4.75, आणि 5 व 24 डिग्रीज ऑफ फ्रीडमला पाच टक्क्यांची मर्यादा 2.62 आहे. इथपर्यंत तुमचं-माझं एकमत.

पण तालुक्याचा सरासरी उतारा किती, असं विचारलं तर? गावं फिक्स्ड धरली तर स्टँडर्ड एरर 4 भागिले 30 च्या वर्गमुळातून येतो, म्हणजे 0.37, आणि 95 टक्क्यांचं अंतर 7.25 ते 8.75. ते फक्त त्या सहा गावांबद्दल बोलतं. रँडम धरली तर वर 4 नाही, 19 बसतात. स्टँडर्ड एरर 0.80 होतो, डिग्रीज ऑफ फ्रीडम 24 च्या 5 होतात, आणि अंतर 5.95 ते 10.05. पहिलं दीड क्विंटलाचं, दुसरं चार क्विंटलांचं. याला तुम्ही नावाचा फरक म्हणता? अहो, पहिला आकडा तालुक्याचा म्हणून अहवालात छापला, तर न पाहिलेल्या सगळ्या गावांच्या नावानं खोटी खात्री दिली जाते. असे अहवाल मी पाहिलेत आणि त्यावर बैठकीत भांडलोही आहे.

आता कंपोनंट, म्हणजे एकूण व्हेरियन्समधला गावांचा वाटा. रँडम मॉडेलात गावांच्या मीन स्क्वेअरची अपेक्षित किंमत म्हणजे शेतांचा व्हेरियन्स अधिक पाच पट गावांचा व्हेरियन्स. म्हणून 19 मधून 4 वजा करून 5 नं भागायचं, गावांचा कंपोनंट 3 येतो. एकूण 7 पैकी 3, म्हणजे उताऱ्यातली सुमारे 43 टक्के चढउतार गाव बदलल्यानं होते: कुठं भारी काळी जमीन, कुठं मुरमाड, कुठं पावसाचा खंड. उरलेली एकाच गावातल्या शेताशेतांतली. या 43 टक्क्यांवरही फार विसंबू नका; फक्त सहा गावं असल्यानं त्याचं 95 टक्क्यांचं अंतर साधारण 9 ते 85 टक्के निघतं. आणि कधी गावांचा मीन स्क्वेअर शेतांच्या मीन स्क्वेअरपेक्षा लहान निघाला तर कंपोनंट ऋण येतो. व्हेरियन्स ऋण असू शकत नाही, तेव्हा तिथं शून्य धरायचा किंवा निवड कशी झाली ते पुन्हा तपासायचं.

तुम्हाला रानातलंच हवं असेल तर हे घ्या. याच सहा गावांत पाचाऐवजी वीस-वीस शेतं मोजली, म्हणजे 120 शेतं, तरी स्टँडर्ड एरर 0.80 वरून 0.73 वरच उतरतो. तीच मूळ 30 शेतं पंधरा गावांत दोन-दोन अशी वाटली तर तो 0.58 होतो. चौपट कष्ट करून जे मिळत नाही ते गावं वाढवून मिळतं, आणि हे एफ कधीच सांगत नाही. त्यासाठी गावांचे 3 आणि शेतांचे 4 वेगळे दिसावे लागतात.

फिक्स्ड कधी धरायचं, तर एमएयूएस 71 आणि एमएयूएस 158 यांसारखे सोयाबीनचे वाण समोरासमोर लावले की. ते चिठ्ठीनं आलेले नसतात, त्याच वाणांबद्दल बोलायचं असतं. तिथं कंपोनंट काढून हाती काही लागत नाही.

सॉफ्टवेअरचं म्हणाल, तर गावं कशी निवडली हे त्याला तुम्हालाच सांगावं लागतं. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा आपली निवड कशी झाली ते लिहा, त्यावर बोलू. माझ्या रानाची चौकशी नको.