पीडीएफमध्ये कॉलम नसतातच : एका फॉरवर्डला उत्तर

"टायपिंगवाल्याला पानामागे पैसे देऊ नका! वर्ड २०१३ किंवा त्यापुढचं असेल तर पीडीएफ सरळ वर्डमध्ये उघडा, जशीच्या तशी एडिट होते. कॉलम, फोटो हलले तर तुमचा कन्व्हर्टर फालतू आहे, पैसे भरून चांगला घ्या. ओळींमधलं अंतर बिघडलं तर कंट्रोल ए करून लाइन स्पेसिंग १ करा, सगळं जागेवर येतं. पुढे पाठवा."

मी डीटीपीचं काम करतो, त्यामुळे हा मेसेज माझ्याच पोटावर आलेला आहे. म्हणून जे खरं आहे ते आधी मान्य करतो. वर्ड २०१३ पासून पीडीएफ उघडतं, आणि एका कॉलमचं साधं इंग्रजी पत्र असेल तर बऱ्यापैकी उघडतं. पण उघडण्याआधी वर्ड स्वतःच एक चौकट दाखवतं. फाइल मूळ पीडीएफसारखी दिसेलच असं नाही, विशेषतः चित्रं खूप असतील तर, असं त्यात लिहिलेलं असतं. आपण ती न वाचता OK दाबतो.

ती सूचना का द्यावी लागते, हे पीडीएफच्या पोटात डोकावलं की कळतं. एका ओळीचा मजकूर आत साधारण असा असतो :

```
BT
/F1 11 Tf
50 700 Td
<0012004500310078> Tj
ET
```

अर्थ सोपा आहे. एफ१ नावाचा फॉन्ट ११ पॉइंटात घ्या, पानाच्या डाव्या कडेपासून ५० आणि खालच्या कडेपासून ७०० पॉइंटांवर जा (७२ पॉइंट म्हणजे एक इंच), आणि फॉन्टमधल्या अमुक क्रमांकांच्या आकृत्या तिथे उमटवा. बस्स. इथे परिच्छेद संपला, हा डावा कॉलम, हा फोटो या मजकुराचा, असं काही यात नाही. पुढची ओळ ६८४ वर असेल तर दोन ओळींत १६ पॉइंट अंतर आहे, पण तेही वजाबाकी करून काढायचं. काही पीडीएफमध्ये रचनेचे टॅग वेगळे भरलेले असतात, पण छपाईसाठी बनवलेल्या फायलींत ते क्वचितच सापडतात. म्हणजे कन्व्हर्टर कॉलम 'हलवत' नाही. तो पानावरची पांढरी पट्टी बघून कॉलम असावेत असा अंदाज बांधतो, आणि पट्टी अरुंद असली की अंदाज चुकतो.

आता प्रत्यक्षात काय झालं ते सांगतो. आमच्या गावच्या वाचनालयाचे चिटणीस काका गेल्या वर्षीचा अहवाल घेऊन आले. बारा पानं, ए४, दोन कॉलम. मूळ फाइल ज्याने केली त्याचा संगणक गेला, हाती राहिली फक्त पीडीएफ. काकांनी हा मेसेज वाचून ती घरीच वर्डमध्ये उघडली होती. बाराची सतरा पानं झाली. पाचव्या पानावर देणगीदारांची यादी दोन कॉलमात होती आणि मधली पट्टी जेमतेम एका अक्षराएवढी. वर्डने दोन्ही कॉलम मिळून एकच ओळ धरली. त्यामुळे डावीकडचं नाव, त्याची रक्कम आणि उजवीकडचं नाव सलग आले, आणि उजवीकडची रक्कम घसरून खालच्या ओळीत गेली. पाचशे एक देणाऱ्याच्या पुढे पाच हजार. असा अहवाल छापला असता तर वार्षिक सभेत काय झालं असतं ते काकांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत!

सतरा पानांचं कारण वेगळं होतं. पीडीएफमध्ये फॉन्ट भरलेला असतो, पण बहुधा वापरलेल्या अक्षरांपुरताच, आणि वर्ड तो तिथून उचलत नाही. तो नावाने तुमच्या संगणकात शोधतो, नाही सापडला तर दुसरा लावतो. काकांच्या संगणकावर मंगल लागला. मंगलची ओळ मुळातच उंच, अक्षरंही वेगळ्या रुंदीची. ओळी जागा बदलतात, पानं वाढतात, आणि मजकुराला बांधलेले फोटो त्यांच्याबरोबर खाली सरकतात.

मग पैसे भरून घेतलेल्या कन्व्हर्टरचं काय? त्याचा अंदाज जास्त वेळा बरोबर येतो, हे खरं. पण नसलेली माहिती तोही आणू शकत नाही. तो तुम्हाला निवड देतो. ॲक्रोबॅटमध्ये वर्डला एक्स्पोर्ट करताना सेटिंग्जमध्ये Retain Flowing Text आणि Retain Page Layout असे दोन पर्याय दिसतात. दुसरा निवडला की पान हुबेहूब दिसतं आणि माणूस खूश होतो. मग डाव्या कॉलमात दोन ओळी वाढवून बघा. मजकूर उजव्या कॉलमात वाहत जात नाही. प्रत्येक तुकडा आपापल्या मजकूरचौकटीत कोंडलेला असतो, आणि चौकट भरली की शेवटच्या ओळी दिसेनाशा होतात. प्रमाणपत्रावरची एक तारीख बदलायची असेल तर हा पर्याय उत्तम. बारा पानांचा अहवाल पुढच्या वर्षासाठी नव्याने लिहायचा असेल तर पहिलाच घ्यायचा, पान कितीही विस्कटलेलं दिसलं तरी.

लाइन स्पेसिंगचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो अर्धवट चालतो. एक तर मजकूर चौकटींत असेल तर कंट्रोल ए त्या चौकटींच्या आतलं निवडतच नाही. बाहेरचा मजकूर बदलतो, आतला तसाच राहतो, आणि दोन कॉलमांच्या ओळी एकमेकींशी जुळत नाहीत. दुसरं म्हणजे परिच्छेदांमधली फट Before आणि After या आकड्यांत असते, तिला १ चा काहीही फरक पडत नाही. आणि उलटा बिघाडही असतो. कन्व्हर्टर ओळींचं अंतर पुष्कळदा Exactly १६ पॉइंट असं पक्कं करून ठेवतो. अशा परिच्छेदात In Line with Text प्रकारचा फोटो असला की त्याची फक्त खालची १६ पॉइंटांची पट्टी दिसते. काकांना वाटलं होतं फोटो कापला गेला. तो आत पूर्ण होता. त्या एकाच परिच्छेदावर कर्सर ठेवून कंट्रोल १ दाबलं आणि अध्यक्षांचा चेहरा वर आला. फक्त तिथेच दाबायचं, सगळीकडे नाही.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही, ती गोष्ट मराठी फायलींसाठी सगळ्यात आधीची आहे. पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. काहीच आलं नाही तर पान स्कॅन केलेलं आहे, म्हणजे नुसतं चित्र. रोमन अक्षरांचा काला आला तर फाइल जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात आहे. तेव्हा आधी त्याच फॉन्टासाठी असलेलं युनिकोड रूपांतर लागेल. आणि मराठी आलं, पण 'किती'चं 'िकती' झालं असेल, रफार भलत्या अक्षरावर गेला असेल, तर आकृत्यांवरून अक्षरं ओळखण्याचा तक्ता अपुरा आहे. पहिली वेलांटी छापताना अक्षराच्या डावीकडे येते, म्हणून ती आधी उमटते आणि कॉपी करतानाही आधीच येते. कुठलाही कॉलम-दुरुस्तीचा उपाय हे सुधारत नाही. अशा वेळी पान चित्र समजून पुन्हा वाचून घेणं, म्हणजे ओसीआर, हाच बरा रस्ता.

काकांची फाइल या तिसऱ्या प्रकारची निघाली. मी लिनक्सवर हे चालवलं :

```
ocrmypdf --force-ocr -l mar+eng --sidecar ahwal.txt ahwal.pdf ahwal-ocr.pdf
pdfimages -all ahwal.pdf photo
```

पहिल्या ओळीने नुसता मजकूर वेगळ्या फाइलमध्ये मिळतो, दुसरीने फोटो जसे पीडीएफमध्ये ठेवले आहेत तसे बाहेर येतात. एका फोटोच्या चार आडव्या पट्ट्या मिळाल्या, असंही होतं. तो फोटो मूळ छायाचित्रकाराकडून मागवला. हे नको असेल तर पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा, तेही ओसीआर करतं, फक्त मांडणीची आशा ठेवू नका.

मग कोरी वर्ड फाइल, आणि मजकूर Keep Text Only करून चिकटवायचा. प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर असतो, तो काढायला शोधा-बदला तीनदा चालवतो. `^p^p` च्या जागी `@@`, मग `^p` च्या जागी एक स्पेस, मग `@@` च्या जागी `^p`. क्रम चुकला तर अख्खा अहवाल एकच परिच्छेद होतो, म्हणून आधी फाइलची प्रत ठेवा. परिच्छेदांमध्ये रिकामी ओळ आली नसेल तर `@@` हाताने टाकावे लागतात. परिच्छेदाची शेवटची ओळ बहुधा आखूड असते, तिच्यावरून ओळखता येतं.

त्यानंतर Normal स्टाइलमध्ये फॉन्ट आणि ओळींचं अंतर एकदाच ठरवलं. Multiple १.१५ ठेवलं, Exactly नाही. दोन्ही कॉलमांवर पसरलेल्या मथळ्याखाली Continuous सेक्शन ब्रेक टाकला आणि पुढच्या भागाला Layout मधून Columns, Two दिलं. फोटो वेगळ्या परिच्छेदात, एकेरी अंतराचे. देणगीदारांची यादी मात्र दोन कॉलमात बसवलीच नाही. तिचा तक्ता केला आणि रकमा पावतीपुस्तकावरून हाताने भरल्या, कारण ओसीआरमध्ये १ आणि ९ यांची गल्लत होते आणि स्पेलचेकला आकडे कळत नाहीत. शेवटी बेरीज मूळ अहवालाशी ताडून पाहिली.

पान पहिल्यासारखं दिसलं नाही. तेरा पानं झाली, अनुक्रमणिका बदलावी लागली, आणि पहिल्या पानावरची नक्षीची चौकट मी सोडूनच दिली. अडीच तास गेले, त्यातला पाऊण तास देणगीदारांच्या यादीला. काकांनी पैसे दिले, वर्ड फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, आणि पीडीएफबरोबर तीही वाचनालयाच्या ईमेलवर पाठवायला लावली.